ओल्या रस्त्यावरचं प्रतिबिंब: माणूस उलटा करून लावला तरी चिकटवल्यासारखा का दिसतो?

रेघोटी

रात्रीच्या पावसातला डांबरी रस्ता हे बॅकग्राउंड आहे आणि त्यावर स्टुडिओत काढलेली एक मुलगी उभी करायची आहे. सलवार-कमीज, हातात उघडी छत्री, एक पाऊल साधारण 40 सेंटीमीटर पुढे, भार मागच्या पायावर. मुलगी रस्त्यावर नीट बसली आहे. उंची, उजेड, रंग यांची तक्रार नाही. अडलं आहे ते तिच्या प्रतिबिंबावर.

माहिती देते. बॅकग्राउंड उभं, 4000 × 6000 पिक्सेल, 24 मिमी लेन्स, फुल फ्रेम. कॅमेरा जमिनीपासून 1.5 मीटरवर आणि सपाट धरलेला, कारण खांब आणि इमारतींच्या कडा सरळ उभ्या आहेत. मुलगी कॅमेऱ्यापासून 6 मीटरवर असल्याप्रमाणे बसवली आहे, उंची 1.65 मीटर, म्हणजे फोटोत 1100 पिक्सेल. स्टुडिओतला फोटोही त्याच उंचीवरून आणि तेवढ्याच अंतरावरून काढला आहे.

मी लेयरची कॉपी केली, `Flip Vertical` केलं, पुढच्या पायाला टेकवलं, ओपॅसिटी 40%, खाली विरत जाणारा ग्रेडियंट मास्क आणि 8 पिक्सेलचा `Gaussian Blur`. तरी ते प्रतिबिंब वाटत नाही, रस्त्यावर ठेवलेला कागद वाटतो. मागे डावीकडे औषधाच्या दुकानाची हिरवी पाटी आहे. तिचा लांब हिरवा पट्टा रस्त्यावर उतरून नेमका मुलीच्या प्रतिबिंबातून जातो. तिथे तर सगळंच फसतं.

ओलासुका

ब्लर एकसारखा दिलाय, ती मुख्य चूक. पायाशी कमी आणि डोक्याकडे जास्त हवा. ओपॅसिटी 40 ऐवजी 25 करून बघा, ब्लेंड मोड `Screen`. माझ्या मते एवढ्याने काम होईल.

कासवगती

रस्त्यावरचा दिवा उजवीकडे आहे का? असेल तर प्रतिबिंब थोडं डावीकडे झुकवायला हवं. सरळ खाली टाकलं की खोटं दिसतं.

भिंगवाला

कासवगती, तुम्ही सावलीबद्दल बोलताय. सावली दिव्याच्या विरुद्ध बाजूला पडते, बरोबर. प्रतिबिंबाचा दिव्याच्या दिशेशी संबंध नाही. सपाट जमिनीवर ते नेहमी वस्तूच्या सरळ खाली येतं, दिवा कुठेही असो. कॅमेरा खाली झुकवून फोटो काढला असेल तर उभ्या रेषाच खाली एकत्र येतात आणि प्रतिबिंब त्या रेषेने जातं, पण ते कॅमेऱ्यामुळे. रेघोटींच्या फोटोत कॅमेरा सपाट आहे, म्हणजे सरळ खाली.

आता मूळ प्रश्न. ब्लरच्या आधी आकारच चुकला आहे. प्रतिबिंब म्हणजे तोच फोटो उलटा नव्हे. कॅमेरा जमिनीच्या वर 1.5 मीटर आहे, तो जमिनीखाली 1.5 मीटर खोल नेऊन वर बघितलं तर मुलगी जशी दिसेल, ते चित्र उलटं केलं की प्रतिबिंब. तुमचा कॅमेरा चेहरा जवळजवळ समोरून बघतो. जमिनीखालचा कॅमेरा तोच चेहरा 3.15 मीटर खालून बघतो, 6 मीटर अंतरावरून. म्हणजे जवळपास 28 अंश वर मान करून. त्याला हनुवटीची खालची बाजू दिसते, नाकपुड्या दिसतात, कमीजचा घेर आतून दिसतो.

छत्रीचं तर फार मोठं अंतर पडतं. काठ 1.8 मीटर उंचीवर आणि छत्री 1 मीटर रुंद धरू. तुमच्या फोटोत काठाचा वरचा आणि खालचा भाग यांत फक्त 34 पिक्सेलचा फरक आहे, म्हणजे काठ जवळपास रेघ. प्रतिबिंबात तोच काठ साधारण 370 पिक्सेल उंच आणि 670 पिक्सेल रुंद अंडाकृती व्हायला हवा, आणि त्याच्या आत काड्या, दांडी आणि मुलीचं डोकं. तुम्ही खाली उलटी रेघ लावली आहे. बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण "हे कापून लावलंय" एवढं लगेच कळतं.

रेघोटी

छत्रीचा विचारच केला नव्हता. मग सगळेजण उलटं करूनच कसं भागवतात?

भिंगवाला

कॅमेरा खाली ठेवला की भागतं. जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर लेन्स असेल तर वरचा कॅमेरा आणि जमिनीखालचा कॅमेरा जवळजवळ एकाच जागी येतात, दोघांनाही सारखंच दिसतं. खूप लांबून टेलीलेन्सने काढलं तरी भागतं: 40 मीटरवरून तोच चेहरा खालून साडेचार अंशांत दिसतो, ते खपून जातं. डोळ्यांच्या उंचीवरून, जवळून, रुंद लेन्सने काढलेला फोटो हा सगळ्यात वाईट प्रसंग, आणि तुमचा नेमका तोच आहे.

घाटमाथा

माझं काम लग्नाच्या हॉलमध्ये असतं, पॉलिश केलेली फरशी, वरून झुंबर. नवरा-नवरीबरोबर नंतर एखादा नातेवाईक घालायचा असतो. मी उलटंच करून लावतो, कोणी तक्रार केलेली नाही. पण काळ्या ग्रॅनाइटवर प्रतिबिंब ठसठशीत लागतं आणि पांढऱ्या व्हिट्रिफाइड टाइलवर तेवढीच ओपॅसिटी ठेवली तर भूत दिसतं. असं का?

कातरकाम

घाटमाथा, दोन्ही फरशा जवळपास सारखाच उजेड परावर्तित करतात. फरक फरशीच्या स्वतःच्या उजेडाचा. काळा ग्रॅनाइट स्वतः काहीच उजेड परत देत नाही, त्यामुळे वरचा थोडासा परावर्तित उजेडही दिसतो. पांढरी टाइल स्वतः इतकी उजळ असते की तेवढाच उजेड तिच्यात बुडून जातो. म्हणून प्रतिबिंब `Normal` मोडमध्ये टाकून ओपॅसिटी जुळवत बसू नका. `Linear Dodge (Add)` मध्ये टाका. उजेडावर उजेड चढतो, तेच प्रत्यक्षात घडतं. मग एकच लेयर काळ्यावर ठळक आणि पांढऱ्यावर फिका आपोआप दिसतो. शिवाय दगडाचा रंग प्रतिबिंबाला लागत नाही. लाल ग्रॅनाइटवरही पांढरा सदरा पांढराच परावर्तित होतो. लाल दिसतो तो त्याच्याखालचा दगड.

टाइलची आणखी एक गोष्ट, जवळून बघून खात्री करा: सांध्यातलं ग्राऊट चमकत नाही, तिथे प्रतिबिंब तुटतं. आणि प्रत्येक टाइल केसभर वेगळी कललेली असते, त्यामुळे सांधा ओलांडताना प्रतिबिंबातली उभी कड पाच-दहा पिक्सेलने सरकते. टाइलमागून टाइल निवडून तुकडे थोडे सरकवले तर पूर्ण गुळगुळीत प्रतिबिंबापेक्षा कितीतरी खरं वाटतं. किती सरकवायचं ते जवळच्या खांबाच्या प्रतिबिंबावरून घ्यायचं.

रेघोटी, आता तुमच्या हिरव्या पट्ट्याकडे येतो. माझ्या मते तुमच्या फोटोतली खरी चूक तिथे आहे, छत्रीपेक्षाही मोठी. तुम्ही प्रतिबिंब फक्त वर चढवलंय. मुलगी तिथे खरंच उभी असती तर त्या पाटीचा उजेड तिच्या अंगाने अडवला असता. रस्त्याच्या त्या भागात पाटीऐवजी मुलगी दिसली असती. म्हणजे तिच्या प्रतिबिंबाच्या आकारात हिरवा पट्टा असायलाच नको. आधी तो काढायचा, मग मुलीचं प्रतिबिंब घालायचं. काम दोन टप्प्यांचं आहे आणि बहुतेकजण पहिला टप्पा करतच नाहीत.

ओलासुका

पण पट्टा काढला तर तिथे काय ठेवायचं? काळं भोक पडेल.

कातरकाम

भोक नाही, कोरं डांबर. ज्या ठिकाणी रस्त्यात अंधाऱ्या भिंतीचं किंवा बंद शटरचं प्रतिबिंब पडलंय, तिथला रंग बघा. तो डांबराचा स्वतःचा रंग, त्यावर परावर्तित उजेड जवळपास नसलेला. समजा तिथे RGB 22, 22, 26 आहे आणि हिरव्या पट्ट्यात 40, 150, 90. प्रतिबिंबाच्या आकाराचा मास्क घेऊन `Curves` ने पट्टा त्या 22-22-26 च्या आसपास आणायचा. प्रत्येक चॅनेल वेगळा ओढावा लागतो, हिरवा सगळ्यात जास्त. एकदम सपाट करू नका, डांबराची खडी थोडी दिसू द्या. ओढून खडी मेली तर शेजारच्या अंधाऱ्या भागातलं डांबर क्लोन करा.

हेच उलट्या बाजूने बघा. दिवसा ढगाळ आकाशाखाली ओल्या रस्त्यावर उभ्या माणसाचं प्रतिबिंब रस्त्यापेक्षा गडद असतं, कारण रस्ता पांढरं आकाश दाखवत असतो आणि माणूस ते अडवतो. `Screen` किंवा `Add` ने कधीच गडद करता येत नाही. म्हणून फक्त उजेड चढवणारे लोक दिवसाच्या फोटोत हमखास अडकतात, आणि मग `Multiply` करतात, ज्याने कपड्यांचे रंग मातकट होतात. आधी अडवा, मग चढवा, की दिवस असो वा रात्र, एकच रीत चालते.

तळ्याकाठी

पाण्यात तर हे रोजचं आहे. उथळ स्वच्छ पाण्यात माणूस उभा केला की त्याच्या प्रतिबिंबाच्या गडद भागात तळ दिसतो, वाळू, गोटे. कारण तिथे आकाशाची चमक अडली. त्यामुळे पहिल्या टप्प्यात काळं करायचं नाही, तळ आणायचा. तळाचा फोटो नसेल तर पुलाच्या किंवा झाडाच्या सावळ्या प्रतिबिंबात जो तळ दिसतो तिथून घ्या.

आणि माणूस गुडघाभर पाण्यात असेल तर प्रतिबिंब गुडघ्यापासून सुरू होतं, पावलांपासून नाही. पाण्याचा पृष्ठभाग हाच आरसा. पोटरी आणि पाऊल पाण्याखाली आहेत, ते प्रतिबिंबात येत नाहीत. ही चूक मी विकत मिळणाऱ्या तयार चित्रांतही बघितली आहे.

भिंगवाला

कातरकाम यांना पूर्ण दुजोरा. माझा प्रतिसाद आकारापुरता होता, अडवण्याचा मुद्दा राहिलाच होता.

किती उजेड चढवायचा त्याचाही हिशेब आहे. रस्त्यावर पाण्याचा थर आहे असं धरलं तर पाणी उजेड किती परत देतं ते नजरेच्या कोनावर ठरतं. तिरप्या नजरेला जास्त, वरून बघितलं तर कमी. रेघोटींच्या फोटोत पायाशी नजर जमिनीशी 14 अंश करते, तिथे सुमारे 23% परत येतो. डोक्याच्या प्रतिबिंबाकडे नजर 28 अंश होते, तिथे सुमारे 7%. म्हणजे डोक्याकडे प्रतिबिंब विरत जातं ते खरंच, पण साधारण एक तृतीयांशापर्यंत, शून्यापर्यंत नाही. ग्रेडियंट मास्कने पार नाहीसं करायची सवय चुकीची. थर स्वच्छ असेल तर छत्रीही दिसली पाहिजे.

ओलासुका

23%? मी डोळ्यांनी लावतो तेव्हा 40-50 च्या खाली बरं दिसत नाही. हिशेब आणि डोळा जुळत नाहीत.

भिंगवाला

दोन्ही बरोबर आहेत, मोजपट्टी वेगळी आहे. 23% हा खऱ्या उजेडाचा आकडा. फोटोशॉप नेहमीच्या सेटिंगमध्ये गॅमा लावलेल्या आकड्यांवर गणित करतं. काळ्या डांबरावर खरे 23% म्हणजे स्लायडरवर जवळपास 51%, आणि खरे 7% म्हणजे सुमारे 30%. तुमचा डोळा बरोबर जागी जातो. मला विचाराल तर `Color Settings` मध्ये `Blend RGB Colors Using Gamma` 1.00 करावं आणि खरे आकडे वापरावेत. मात्र बाकीचे लेयर्स आधी जुन्या सेटिंगवर जुळवले असतील तर ते सगळे बदलतात, म्हणून हे कामाच्या सुरुवातीलाच करायचं.

कातरकाम

मी गॅमा बदलत नाही. आकड्यांपेक्षा फोटोतलंच माप घेतो: रस्त्यावर जिथे खांब किंवा बंद गाडी आहे, तिचा खरा भाग आणि प्रतिबिंबातला भाग दोन्हींवर आयड्रॉपर, आणि मुलगी त्याच प्रमाणात. बॅकग्राउंड काढताना पोलरायझर लावला असेल तर भिंगवाला यांचे आकडे लागूच होत नाहीत, प्रतिबिंब बरंच गेलेलं असतं. आणि ओला रस्ता सगळीकडे सारखा ओला नसतो.

भिंगवाला

पोलरायझरचं मान्य. पण आयड्रॉपरचं माप गॅमा लागलेल्या आकड्यांत घेतलं तर ते फक्त काळ्या जमिनीवर खरं उतरतं. उजळ पट्टीवर, झेब्रा क्रॉसिंगवर चुकेल.

कातरकाम

झेब्रा क्रॉसिंगवर मी पुन्हा डोळ्यांनी जुळवतो. ग्राहकाला तेवढं पुरतं.

रेघोटी

पाहिलं. माझ्या फोटोत उजवीकडे पाटीचा एक खांब आहे. त्याच्या प्रतिबिंबाची कड बुडाशी तीन-चार पिक्सेलमध्ये संपते. वर गेल्यावर, म्हणजे खांबाच्या 1 मीटर उंचीच्या जागी, कड आडवी साधारण 25 पिक्सेल पसरते आणि वरखाली शंभराच्या वर. पसरण दोन्ही दिशांना सारखं नाही, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. का होतं?

तळ्याकाठी

पाण्याच्या पृष्ठभागावर बारीक उंचवटे असतात. तिरप्या नजरेने बघताना उंचवटा आपल्याकडे किंवा पलीकडे थोडा कलला तरी प्रतिबिंब वरखाली खूप सरकतं, डावीउजवीकडे कलला तर अगदी थोडं. दिव्यांचे पट्टे लांब होतात ते याचमुळे. तुमच्या हिरव्या पाटीचा पट्टाही तेच सांगतोय: पाटी केवढी आणि पट्टा केवढा. म्हणून `Gaussian Blur` नाही, `Motion Blur` 90 अंशांवर. मी प्रतिबिंबाच्या तीन कॉपी करतो, 10, 60 आणि 150 पिक्सेलच्या, आणि मास्कने पायाशी पहिली, कमरेशी दुसरी, डोक्याशी तिसरी ठेवतो. जोड दिसत नाहीत. वर आडवा हलका `Gaussian Blur`, तुमच्या मापाने.

आणि जो ब्लर मुलीच्या प्रतिबिंबाला, तोच पट्टा अडवणाऱ्या मास्कला. मास्क धारदार आणि प्रतिबिंब धूसर ठेवलं तर भोवती काळी किनार दिसते.

कातरकाम

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. काळी किनार दिसली की समजायचं, मास्कचा ब्लर कमी पडला. उलट, मुलीच्या आत हिरवा ओघळ दिसला की मास्क लहान आहे.

शेवटी खडबडीतपणा. ब्लर केलेलं प्रतिबिंब नुसतं धूसर असतं, रस्त्यावर ते तुटक असतं. खळग्यात पाणी साचलंय तिथे स्वच्छ, खडी वर आलीय तिथे अर्धवट. बॅकग्राउंडचा तेवढाच भाग कापा, काळापांढरा करा, 1 पिक्सेल ब्लर, `.psd` म्हणून ठेवा आणि `Filter > Distort > Displace` मध्ये द्या. `Horizontal Scale` 0, `Vertical Scale` 15 पासून सुरुवात. मधला राखाडी, म्हणजे 128, काहीच हलवत नाही. तुमचं डांबर गडद आहे, त्यामुळे आधी `Levels` ने सरासरी 128 वर आणा, नाहीतर अख्खं प्रतिबिंब एका बाजूला सरकेल आणि पाय सुटतील.

रेघोटी

पाय सुटण्यावरून आठवलं. पुढच्या पायाला प्रतिबिंब टेकवलं की मागचा पाय हवेत दिसतो. किती सरकवू?

भिंगवाला

ते अंदाजाने नाही, मोजून निघतं. मागचा पाय 6 मीटरवर, पुढचा 5.6 मीटरवर. तुमच्या फोटोत पुढचा पाय 71 पिक्सेल खाली टेकतो. तुम्ही अख्खी मुलगी पुढच्या पायाच्या रेषेवर उलटी केली, त्यामुळे मागच्या पायाचं प्रतिबिंब त्याच्या दुप्पट, 142 पिक्सेल खाली गेलं. आणि धड मागच्या पायाच्या वर आहे, म्हणून धडही तेवढंच खाली गेलं.

नियम असा: शरीराचा प्रत्येक भाग आपापल्या सरळ खालच्या जमिनीच्या रेषेवर उलटा होतो. धड आणि मागचा पाय एका रेषेवर. पुढचा पाय कापून वेगळ्या लेयरवर, त्याच्या स्वतःच्या टेकण्याच्या रेषेवर. दोघांना मांडीपाशी `Puppet Warp` ने जोडा. छत्रीचा पुढचा काठ अर्धा मीटर पुढे आहे, त्याची जागा साध्या उलटवण्यापेक्षा 180 पिक्सेल खाली येते. मागचा काठ उलट वर जातो. म्हणूनच ती रेघ उघडून अंडाकृती होते.

संगणकी

हे सगळं ब्लेंडरमध्ये आपोआप येतं. माणसाचं साधं मॉडेल घ्या, त्यावर फोटो प्रोजेक्ट करा, खाली चमकदार प्लेन, `IOR` 1.33, `Roughness` 0.1 पासून पुढे. पाय, छत्री, विरणं, लांबट पसरणं, सगळं बरोबर जागी.

भिंगवाला

जागा बरोबर येतील. पण फोटोत हनुवटीखालचा भाग नाहीच, तर प्रोजेक्ट काय होणार? तिथे गालाची कातडी ताणून येते. आकाराचा नमुना म्हणून रेंडर उत्तम. त्यावर मास्क काढा, पण चेहरा त्यातून घेऊ नका.

संगणकी

ब्लर जास्त असेल तर ताणलेलं कळत नाही. पायाशी धारदार, डोक्याशी धूसर, आणि अडचण नेमकी डोक्याशी आहे. मी रेंडरच वापरेन.

घाटमाथा

माझ्या हॉलच्या चकाकत्या फरशीवर ब्लर नाही. तिथे काय?

प्रकाशगोळा

तिथे खालून दिसणारा फोटोच हवा, आणि तो काढता येतो. दोन मार्ग.

एक, मुलीला चकचकीत काळ्या ॲक्रिलिकवर उभं करून त्याच उंची-अंतरावरून काढा. प्रतिबिंब फोटोतच येतं. पण शीट केवढी लागते ते आधी मोजा. रेघोटींच्या मापात छत्रीच्या पुढच्या काठाचा उजेड कॅमेऱ्यापासून अडीच मीटरवर जमिनीला लागून येतो, म्हणजे मुलीच्या पुढे साडेतीन मीटर चकाकणारी जमीन हवी. 8 × 4 फुटांची एक शीट पुरत नाही, दोन लांबीत जोडाव्या लागतात. पहिली शीट मुलीच्या मागे एक फूट सोडून घातली तर जोड प्रतिबिंबात साधारण 80 सेंटीमीटर उंचीवर, मांडीच्या वरच्या बाजूला येतो. तिथे कापड सलग असेल तर रंगवून भरायला सोपा. ॲक्रिलिकवर पादत्राणांचे चरे फार लवकर पडतात. पायाखाली आधी शीटचं संरक्षक प्लास्टिक ठेवा आणि शेवटच्या क्षणी काढा. मागची भिंत आणि छतही शीटमध्ये उमटतं, म्हणून भोवती काळं कापड.

दोन, जमिनीखालचा कॅमेरा प्रत्यक्षात आणा. कॅमेरा खाली नेता येत नसेल तर माणूस वर न्या. लेन्सपेक्षा 1.5 मीटर उंच जागी मुलीला उभं करा, 6 मीटर दुरून काढा आणि फोटो उलटा करा. तेच हुबेहूब प्रतिबिंब. लेन्स जमिनीला टेकवली तर दीड मीटरचा ओटा किंवा स्टेज पुरतं. टेम्पोचा हौदा थोडा कमी पडतो. मुलगी अगदी कडेला उभी राहिली पाहिजे, नाहीतर ओट्याची कडच पाय झाकते. पुढचं पाऊल कडेच्या रेषेत, मागचं 40 सेंटीमीटर आत, तेव्हा मागच्या पावलाचा तळ झाकला जाणारच. तेवढा पहिल्या फोटोतून घ्यायचा. तेवढ्याशा भागातला फरक कोणाच्या लक्षात येत नाही, त्यामुळे खपतं.

ओलासुका

एका प्रतिबिंबासाठी ओटा आणि दुसरं शूट? ग्राहक पैसे देणार नाही. मी छत्री प्रतिबिंबातून अर्धी कापून फ्रेमच खाली क्रॉप करेन. कमरेपर्यंतच प्रतिबिंब दाखवलं तर उलटं केलेलंही चालतं.

भिंगवाला

क्रॉप हा प्रामाणिक उपाय आहे. कोनाचा फरक कमरेखालीही जवळपास तेवढाच असतो, पण तिथे चेहरा आणि छत्री नसल्यामुळे तो कमी खटकतो. फक्त पुढच्या पायाचं आणि हिरव्या पट्ट्याचं काम तरीही करावं लागेल, ते दोन्ही फ्रेममध्येच राहतात.

रेघोटी

आत्तापर्यंत झालेलं सांगते. पुढचा पाय वेगळा करून 71 पिक्सेल खालच्या रेषेवर बसवला, दोन्ही पाय टेकले. हिरवा पट्टा मुलीच्या आकारात 24-26-28 पर्यंत खाली आणला, मास्कला तोच तीन टप्प्यांचा ब्लर दिला. पहिल्या प्रयत्नात गुडघ्यांभोवती काळी किनार आली, कमरेचा टप्पा थोडा वर सुरू केल्यावर गेली. प्रतिबिंब `Linear Dodge (Add)` मध्ये, पायाशी 50% आणि डोक्याशी 30%. कंबरेपर्यंत आता खरंच रस्ता ओला वाटतो, आणि पट्टा मुलीच्या दोन्ही बाजूंनी तुटून दिसतो तेव्हा ती तिथे उभी आहे हे पटतं.

छत्री राहिली. क्रॉप करणार नाही, कारण छत्रीचा लाल रंग खाली हवाय. मुलगी पुन्हा येऊ शकत नाही, छत्री माझ्याकडे आहे.

प्रकाशगोळा

मग फक्त छत्रीचं शूट करा. काठ लेन्सपेक्षा 3.3 मीटर वर, अंतर 6 मीटर. पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून कोणीतरी दांडी उभी धरून छत्री बाहेर धरली आणि तुम्ही खाली अंगणात योग्य अंतरावर बसलात की हा कोन मिळतो. उंची थोडी कमीजास्त झाली तर अंतर त्याच प्रमाणात बदला. दांडी पूर्ण सरळ हवी. मुलीने खांद्यावर थोडी मागे टेकवली असेल तर तेवढीच मागे कलवा.

कातरकाम

आणि उजेड बघा. रस्त्यावर दिवे वरून आहेत, त्यामुळे छत्रीची आतली बाजू अंधारी असते आणि कापडातून झिरपलेला लाल उजेडच दिसतो. दिवसा गॅलरीत काढलं तर आतून आकाशाचा निळसर उजेड पडेल. संध्याकाळी, छत्रीच्या वर एक दिवा धरून काढा. काड्या मागच्या उजेडावर काळ्या रेघांसारख्या दिसल्या पाहिजेत.

रेघोटी

दांडी थोडी मागे कललेली आहे, साधारण 10 अंश. वरच्या मजल्यावर शेजारच्या काकू धरायला तयार आहेत. चेहऱ्याचं मात्र कळत नाही. हनुवटीखालचा भाग कुठून आणू?

संगणकी

तिथे माझं रेंडर घ्या. 150 पिक्सेलच्या ब्लरमध्ये ताणलेली कातडी दिसणार नाही.

भिंगवाला

दिसेल असं मला वाटतं, कारण नाकपुड्यांचे दोन गडद ठिपके हवेत आणि ते रेंडरमध्ये नसतील. पण छत्रीच्या आतल्या अंधारात चेहरा तसाही गडद असणार. आधी छत्री बसवा, तिचा अंधार चेहऱ्यावर येऊ द्या, मग ठरवा किती काम उरलंय ते.